डिस्क आत अडकली, वॉरंटी नाकारली, आणि डिस्क तर भाड्याची

प्रश्न: मॅडम, नऊ महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका दुकानातून ४४,९९० रुपयांना डिस्कवाला गेमिंग कन्सोल घेतला, बिल भाऊजींच्या नावावर आहे. गेल्या महिन्यात तो डिस्क कधी वाचायचा कधी नाही, मी कंपनीच्या चॅटवर तक्रार केली तर त्यांनी रीस्टार्ट करा, अपडेट करा सांगितलं. दोन आठवड्यांनी दुकानातून भाड्याने आणलेली डिस्क टाकली तर घर्रर्र असा आवाज आला आणि ती आतच अडकली. कंपनीच्या सपोर्ट पानावर बघून बाहेरचं कव्हर काढून इजेक्टचा स्क्रू फिरवला, तरी निघाली नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं ग्राहकाने छेडछाड केलीय, वॉरंटी गेली, १४,५०० द्या. डिस्कपण परत देत नाहीत आणि भाड्याने देणारा ३,९९९ मागतोय. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, ते १४,५०० भरू नका आणि एस्टिमेटवर सहीपण करू नका. दुसरं म्हणजे कन्सोल रागारागात उचलून गल्लीतल्या मेकॅनिककडे नेऊ नका. का ते खाली सांगते.

तुमच्या केसमध्ये कायद्याच्या आधी एक साधा प्रश्न आहे, की बिघाड कधी सुरू झाला आणि कशाने. सर्व्हिस सेंटर म्हणतंय स्क्रूने. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की स्क्रू फिरवायच्या दोन आठवडे आधी डिस्क वाचत नव्हता आणि तुम्ही चॅटवर तसं लिहूनही दिलं होतं. ते चॅट म्हणजे तुमची अर्धी केस आहे, आजच्या आज त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, ईमेलवर ट्रान्स्क्रिप्ट आलं असेल तर ते जपून ठेवा. वॉरंटीत असताना, कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कंपनीला सांगितलेला दोष हा नंतरच्या स्क्रूमुळे झाला असं म्हणणं, अहो, कॅलेंडरच त्याला खोटं पाडतं.

आता तो स्क्रू. स्लॉटमध्ये डिस्क अडकली की मोटरऐवजी हाताने रोलर फिरवून ती बाहेर काढायची सोय बऱ्याच कन्सोलमध्ये मुद्दाम दिलेली असते, कुठे स्टार स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा स्क्रू असतो तर कुठे सरळ केलेली पेपरक्लिप घालायचं बारीक भोक. ही काही छेडछाड नाही, वापराच्या सूचनेत येते. त्या सपोर्ट पानाचा स्क्रीनशॉट काढा, पान बदललं तर नंतर शोधत बसाल. फक्त एक प्रामाणिकपणे आठवा, की तुम्ही तेवढंच केलंत ना? ड्राइव्हच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला असेल, चिमटा किंवा सुरी स्लॉटमध्ये घातली असेल तर मला आत्ता सांगा, नाहीतर समोरचा वकील नंतर सांगेल. आतल्या रबरी रोलरवर चिमट्याचे चरे दिसतात, ते लपत नाहीत.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथूनच कोण जबाबदार ते ठरतं. डिस्क आत-बाहेर जातानाच करकर होत असेल तर साधारणपणे रोलर, गियर किंवा मध्ये अडकलेलं काहीतरी. डिस्क आत गेल्यावर फिरताना घर्रर्र होत असेल तर ती नीट बसली नाहीये किंवा कशाला तरी घासतेय. नुसतीच फिरते, आवाज नॉर्मल आहे आणि तरी वाचत नाही, तर संशय लेन्सवर किंवा लेझरवर. त्यातही ब्लू-रे आणि डीव्हीडीचे लेझर वेगळे असतात, म्हणून जुनी डीव्हीडी चालते पण गेमची डिस्क चालत नाही असं होऊ शकतं आणि लोक म्हणतात ड्राइव्ह तर चांगलाय. तुमच्या स्वतःच्या दोन-तीन डिस्क आधी वाचत नव्हत्या की एकच? एकच असेल तर डिस्क खराब, सगळ्याच असतील तर ड्राइव्ह. हे पत्रात लिहिलेलं नाहीये आणि केसमध्ये पहिला प्रश्न हाच येणार.

आणि डिस्क बाहेर आली की ती पुसू नका! माझ्या भाच्याने मागे एकदा चालू कन्सोल उभा होता तो आडवा केला, डिस्क फिरत असताना, आणि मग आला मावशी केस कर म्हणून. मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर कंपासने काढल्यासारखं पूर्ण गोल वर्तुळ. असं वर्तुळ हाताने पडत नाही, डिस्क फिरताना काहीतरी टेकलं तरच पडतं. हाताळण्याचे चरे आडवेतिडवे, कसेही असतात. त्याची केस मी घेतली नाही, चहा दिला. तुमच्या डिस्कवर गोल रिंग असेल आणि तुम्ही कन्सोल हलवलेला नसेल तर दोष ड्राइव्हच्या आत आहे हे सांगायला तो एक फोटो पुष्कळ बोलतो. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो (डीव्हीडीचा ०.६), त्यामुळे खोल रिंग पडलेली डिस्क घासून-पुसून परत चालेल ही आशा ठेवू नका, टूथपेस्ट तर नकोच.

अजून एक बघायचं, डिस्कच्या मधल्या भोकाला बारीक तडा आहे का आणि वर दुकानाचा नंबर लिहिलेलं स्टिकर चिकटवलंय का. भाड्याने देणारे सर्रास चिकटवतात. कन्सोल गरम होतो, स्टिकरचा कोपरा सुटतो आणि स्लॉटच्या ड्राइव्हमध्ये तो रोलरला गुंडाळला जातो. असं निघालं तर गोष्ट उलटी फिरते. करार कायद्याचं कलम १५० म्हणतं की वस्तू भाड्याने दिली असेल तर तिच्यातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला देणारा जबाबदार, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. म्हणजे तो ३,९९९ मागतोय, उलट तुम्हीच त्याच्याकडे ड्राइव्हचा खर्च मागू शकता. पण हे दुधारी आहे बरं का, कारण स्टिकर निघालं की कंपनीही म्हणेल आमचा दोष नाही, बाहेरच्या स्टिकरचा आहे. तेव्हा अडकण्याचं कारण स्टिकर आणि त्याआधी न वाचण्याचं कारण ड्राइव्ह, असे दोन दोष वेगळे मांडावे लागतील. म्हणूनच म्हणते, आधी फोटो, मग भांडण.

स्टिकरही नाही, तडाही नाही, तर कलम १५१ प्रमाणे तुम्ही साधारण माणूस आपल्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली होती का एवढंच बघतात. बरोबर लावलेली डिस्क मशीनने गिळली यात तुमचा निष्काळजीपणा मला दिसत नाही, अर्थात भाड्याच्या पावतीवर वेगळी अट मान्य करून सही केली नसेल तर. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा की डिस्क अमुक तारखेपासून सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, जॉबशीट सोबत जोडली आहे, मिळाली की जशी आहे तशी देतो. परतीची तारीख उलटली तर जबाबदारी वाढते म्हणून हे लेखी हवं. बाय द वे, गेम म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि तो व्यावसायिक भाड्याने द्यायचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये कॉपीराइटच्या मालकाला दिलाय, त्यामुळे परवानगी नसेल तर हे गृहस्थ कोर्टाची पायरी चढायला फार उत्सुक नसतील. पण म्हणून त्याची डिस्क बुडवायची असं मी म्हणत नाहीये.

सर्व्हिस सेंटरला ईमेल करा, फोन नको. त्यात विचारा की नेमका कोणता पार्ट खराब आहे, छेडछाड कुठे दिसली त्याचे फोटो द्या, स्क्रू फिरवल्याने तो पार्ट कसा बिघडतो ते लेखी द्या, आणि डिस्क माझ्यासमोर काढा. जॉबशीटवर फक्त 'ग्राहकाकडून नुकसान' एवढंच लिहिलं असेल तर तो निष्कर्ष झाला, कारण नाही. डिस्क ही तिसऱ्याची मालमत्ता आहे, ती एस्टिमेटसाठी अडकवून ठेवता येत नाही, हेही लिहा. उत्तराला सात दिवस द्या.

मेकॅनिक नको याचं कारण असं, की प्लेस्टेशन काय किंवा एक्सबॉक्स काय, बऱ्याच मॉडेलमध्ये आतल्या ड्राइव्हचं सर्किट बोर्ड मशीनच्या मुख्य बोर्डाशी जोडीने बांधलेलं असतं. अशा मशीनमध्ये दुसऱ्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह आणून बसवला तर गेमची डिस्क चालत नाही, जुना बोर्ड नव्या यंत्रावर बसवावा लागतो. तो बोर्ड कुणी हरवला किंवा जाळला की मशीन डिस्कसाठी कायमचं गेलं आणि सोबत तुमचा पुरावाही.

सात दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, पुष्कळदा कंपनीचं वरचं ऑफिस तिथेच जागं होतं. नाहीतर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. दुकान, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर तिघांना तक्रारीत पार्टी करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहत नाही. तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आणि वकील लावायलाच हवा असंही नाही (माझ्या पोटावर पाय, पण खरंय). तक्रारीची मुदत तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. बिल भाऊजींच्या नावावर असल्याचं टेन्शन घेऊ नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे, भाऊजींचं एक साधं पत्र जोडा. फक्त कन्सोल गेमिंग पार्लरमध्ये ताशी पैसे घेऊन चालवत असाल तर 'व्यावसायिक वापर' म्हणून अडचण येते.

आयोग दोष तपासायला वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे. तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत द्यायचा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चाला. मागणीत पहिली ओळ फुकट दुरुस्तीची ठेवा, ती जमत नसेल तर बदली मशीन, तेही नाही तर ४४,९९० परत. थेट नवीन मशीन आणि वर लाखभर मानसिक त्रासाचे असं लिहिलंत तर आयोग भुवया उंचावतो.

आवाजाचा व्हिडिओ काढला असेल तर मूळ फाइल मोबाईलमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपने गेलेली कॉपी दाबलेली असते, मूळ तारीखही हरवते. पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, त्याचा नमुना कायद्याच्या शेवटीच दिलेला आहे. आणि जॉबशीटवर कन्सोल जमा करताना 'डिस्क आत आहे' असं लिहून घेतलं होतंत का? नसेल तर आज जाऊन त्यांच्याच हाताने लिहून आणा, किंवा ते तयार नसतील तर काउंटरवरूनच तसा ईमेल पाठवा.