कॉफी कपाच्या जाहिरातीसाठी ८५ आणि एफ ४

भाऊ, धरमपेठेतल्या कॅफेसाठी ब्रीफ लिहितोयस ना, मग नुसतं "बॅकग्राउंड ब्लर" लिहू नको, त्याने फोटोग्राफर लेन्सचं छिद्र मोठं उघडून सरळ एफ १.८ वर जातो. काऊन नको ते सांगतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ एमएम लेन्स, कप साधारण ९० सेंटिमीटरवर, एफ १.८ ला पुढून मागे शार्प पट्टा जेमतेम १ सेंटिमीटरचा मिळतो, फोकसच्या अर्धा पुढे, अर्धा मागे. आता आपला कप ८ सेंटिमीटर रुंद, त्यावरचा ५ सेंटिमीटरचा लोगो गोलाईमुळे कडेला जवळपास ९ मिलिमीटर मागे वळतो, म्हणजे फोकस मधल्या अक्षरावर धरला तर ते कडक आणि कडेची अक्षरं मऊ. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही, झूम करून कडेचं अक्षर पाहायचं. एफ ४ ला पट्टा अडीच सेंटिमीटरच्या आसपास जातो, लोगो पूर्ण बसतो.

मग ब्लर कुठून? कपामागे दीड-दोन मीटर मोकळं ठेव. ५० एमएमने जवळ जाऊन कप तेवढाच मोठा घेतला तरी पट्टा जवळपास तेवढाच राहतो, पण कपाची कड फुगलेली दिसते आणि मागचं टेबल-खुर्ची जास्त फ्रेममध्ये येतं.

ब्रीफमध्ये असं लिही: "८५ एमएम, एफ ४, फोकस लोगोवर, मागे दोन मीटर रिकामं."