वाफ आली की दहा सेकंदांत उतरला पाहिजे असा कपडा

"ताई, माझं वय ४९. पाळी पुढेमागे व्हायला लागल्यापासून दिवसातून सहा-सात वेळा अंगातून गरम वाफा येतात. बँकेत काउंटरवर बसते. डोक्यावरच एसी, म्हणून कुर्त्यावर स्वेटर घालते. वाफ आली की भिजून जाते आणि दहा मिनिटांनी कुडकुडते. सगळ्या म्हणतात कॉटन घाल. मी कॉटनच घालते! पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. साडी नेसून तो दिवस कसा काढू?"
— एक वाचक, ठाणे

ताई, तुमची कुडकुड त्या कॉटनमधूनच येते आहे. वाफ येते तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, घाम सुटतो आणि शरीर भराभर उष्णता बाहेर टाकतं. काही मिनिटांत ते ओसरतं, पण जाड होजियरीचा किंवा घट्ट विणीचा कुर्ता घाम पिऊन ओलाच राहतो. वर एसीचा वारा. थंडी वाजणारच. म्हणून कॉटन हवं, पण पातळ आणि सैल विणीचं: मलमल, व्हॉइल, पातळ खादी. दुकानात कापडाचा एक पदर ओठांशी धरून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर घ्या. आणि खळ करू नका. कडक कुर्ता दिसतो छान, पण खळ धाग्यांमधल्या फटी बुजवते आणि घाम टिपला जात नाही.

आता स्वेटर. तो डोक्यातून काढायचा असेल तर काउंटरवर तुम्ही तो काढणारच नाही. समोरून उघडं, बिनअस्तराचं खादीचं किंवा हातमागाचं जाकीट घ्या. बाही कोपराच्या जरा खाली आणि रुंद हवी, कारण घामेजल्या हाताला अरुंद बाही चिकटते आणि तिथेच अडकायला होतं. घरी बसल्या बसल्या काढून बघा. दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते जाकीट ऑफिसात उपयोगाचं नाही.

बहुतेक जणी चुकतात ते याच्या आतल्या कपड्यात. जाकिटाखाली जुना, विटलेला कुर्ता असतो, मग वाफ आली तरी लाजेने जाकीट काढवत नाही. आतला कुर्ता एकटाही शोभेल असाच निवडा. गळा मोकळा, छातीत तीनेक इंच सैल, रंग पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा. राखाडी आणि पांढरा सोडून इतर फिक्या रंगांवर घामाचे डाग लगेच उठतात. त्याखाली फोमचे कप असलेली ब्रा नको, छातीवर ती गादीसारखी ऊब धरते. साधी सुती घाला.

छातीत ऊब चढतेय किंवा धडधडतंय असं वाटताक्षणी जाकीट काढा, घामाची वाट पाहू नका. ओसरल्यावर मान, गळा आणि छातीचा वरचा भाग कोरड्या सुती रुमालाने टिपा आणि मगच जाकीट चढवा. ओल्या अंगावर चढवलंत तर ओल आतच कोंडते.

कपड्यांनी वाफा सोसवतात, थांबत नाहीत. दिवसाला सहा-सात म्हणजे डॉक्टरांशी बोलण्याइतक्या आहेत, त्यावर उपचार असतात. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या, त्यातही असाच घाम येतो. सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल तर लांबवू नका.

लग्नात साडीपेक्षा ब्लाऊज जास्त छळतो, कारण तो मधेच काढता येत नाही. पैठणीच्या ब्लाऊजला टेलर बहुधा क्रेपचं अस्तर आणि कप घालून देतात. तुम्ही मलमलचं अस्तर सांगा, कप नकोत, पाठीचा गळा खोल, बाही आखूड, हूक पुढे. अस्तराचं कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून ब्लाऊज काखेत घट्ट होईल. परकर सुती आणि नाडीचा घ्या. हल्ली मिळणारं साडीचं शेपवेअर सिंथेटिक असतं, कमरेपासून पायापर्यंत आवळून बसतं.

पदर पिनअप केला की छातीवर पाच-सहा घड्या एकावर एक बसतात. पदर एकेरी सोडा आणि हातावर घ्या. छातीवर एकच पदर राहतो आणि वाफ आली की तोच जरा सैल करून वारा घेता येतो. खांद्यावर एक पिन पुरे.

पैठणी मुहूर्तापुरती नेसा. अक्षता पडल्या की महेश्वरी किंवा सुती नारायणपेठ नेसा, आणि पिशवीत दुसरा कोरडा ब्लाऊज हवाच. भिजलेल्या ब्लाऊजवर साडी बदलली तर जेवणाच्या पंगतीत पुन्हा कुडकुडाल.