हिशेब वाईट महिन्याचा मांड

प्रिय मित्रा,

डिलिव्हरीच्या कामासाठी इलेक्ट्रिक स्कूटर विकत घ्यावी की भाड्याने, असं तू विचारलंस आणि सोबत सगळ्यात चांगल्या महिन्याची कमाई कळवलीस. मला सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा हवा होता.

हिशेब पैशांत नको, ऑर्डरमध्ये मांड. समजा, विकत घेताना सुरुवातीला 200 ऑर्डरची कमाई भरायची, मग 24 महिने 70 ऑर्डरचा हप्ता, आणि विमा-दुरुस्तीला महिन्याला 20. भाड्याच्या गाडीला आठवड्याला 30, म्हणजे महिन्याला साधारण 130. चार्जिंग दोन्हीकडे सारखंच, ते सोडून दे. दोन वर्षांत विकतची गाडी 2,360 ऑर्डर खाते आणि भाड्याची 3,120. यात विकत घेणंच शहाणपणाचं वाटतं.

आता डिलिव्हरी ॲपवरचा तुझा आयडी पंधरा दिवस बंद पडला असं धर. महिन्यात 160 ऑर्डर झाल्या, त्यातल्या 110 घरखर्चाला गेल्या. हातात उरल्या 50, आणि विकतच्या गाडीला हव्यात 90. भाड्याची गाडी दोन आठवडे परत केली असतीस तर साधारण 70 लागल्या असत्या, म्हणजे तूट 40 ऐवजी 20 वर आली असती. भाड्यात तू जे जास्त पैसे मोजतोस, ते या परत करण्याच्या मुभेचे. म्हणूनच करारात सहा महिन्यांची सक्ती असेल तर ते भाडं नव्हे, मालकी न देणारा हप्ता आहे. तसल्या करारावर मी सही करणार नाही. गाडी दुरुस्तीला असताना भाडं चालू राहतं का, तेही विचार. आणि गाडी ताब्यात घेताना तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढ, नाहीतर जुने ओरखडे तुझ्या डिपॉझिटमधून वळते होतील.

खरी गोम बॅटरीत आहे. वॉरंटी बहुधा 'इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी असते. घरच्या वापराला तीन वर्षं किंवा 30,000 किलोमीटर पुरतात. तू रोज 100 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस फिरलास, तर ती बारा महिन्यांत संपेल आणि हप्ते मात्र आणखी वर्षभर चालतील. काही वॉरंट्यांत व्यावसायिक वापर मुळातच वगळलेला असतो. नवी बॅटरी 550 ऑर्डरला पडली, तर वरच्या हिशेबातल्या 760 ऑर्डरच्या फायद्यातून 210 उरतात. दोन वर्षांनी गाडी तुझी असते, हे खरं. पण बॅटरी थकलेली असेल तर तिला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

माझं मत विचारशील तर आधी तीन महिने आठवड्याच्या भाड्यावर चालव. रोज वहीत दोनच आकडे लिही: ऑर्डर आणि किलोमीटर. सगळ्यात वाईट महिन्यातही घरखर्च जाऊन हप्ता आणि विमा-दुरुस्ती निघत असेल, आणि तीन हप्ते बाजूला साठले असतील, तरच विकत घे. सही करण्याआधी वॉरंटीचा कागद मात्र मला पाठव. किलोमीटरची अट बारीक अक्षरात असते, दोघांनी मिळून शोधू.

तुझा,
काका