हेज किती, हे नंतर. आधी तो कुठे आहे ते बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. नवोदित आणि मुरलेल्या लेखकांच्या प्रस्तावनांत दर हजार शब्दांमागे हेज, म्हणजे ‘कदाचित’, ‘असावे’ असे दावा सावध करणारे शब्द, जवळपास सारखेच निघाले, म्हणून ‘फरक नाही असं लिहू का?’ असं विचारतेस. मुळीच लिहू नकोस. तुझ्या मोजणीत फरक दिसायला जागाच नाही. हेज किती आहेत हे विचारण्याआधी ते कोणत्या मूव्हमध्ये, म्हणजे प्रस्तावनेतलं कोणतं काम करणाऱ्या टप्प्यात, बसलेत ते विचार.

समज, दोन प्रस्तावना आहेत, दोन्ही ५०० शब्दांच्या, दोन्हींत ५ हेज. दर हजारी १० आणि १०. आता मूव्हनुसार फोड. नवोदिताचा एक हेज पहिल्या मूव्हमध्ये, दुसरीत एकही नाही, उरलेले चार तिसरीत. मुरलेल्याचे दोन पहिलीत, तीन दुसरीत, तिसरीत शून्य. बेरीज तीच, लिहिण्याची रीत पार उलटी.

वाक्यं शेजारी ठेवलीस की कारण कळेल. नवोदित लिहितो: ‘या विषयावर आजवर एकही अभ्यास झालेला नाही. प्रस्तुत लेखात कदाचित दोन पद्धतींची तुलना करण्याचा प्रयत्न केला जाऊ शकेल.’ मुरलेला लिहितो: ‘आमच्या माहितीप्रमाणे या दोन पद्धतींची थेट तुलना फारशी झालेली दिसत नाही. या लेखात आम्ही ती करतो.’ दुसऱ्या मूव्हचं काम पोकळी दाखवणं, म्हणजे इतरांच्या कामाबद्दल दावा करणं. सगळं वाङ्मय कुणीच वाचलेलं नसतं, म्हणून सावधपणा तिथे हवा. तिसरीत आपण काय करणार ते सांगायचं असतं, आणि त्याबद्दल लेखकाला शंका असायचं कारण नाही. तिथला ‘कदाचित’ नम्रपणा नव्हे, बिचकणं आहे. ‘नवोदित लेखक हेज कमी वापरतात’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. कमी कुठे, ते सांग.

पण मूव्हच चुकीची लावलीस तर हे सगळं फुकट. जॉन स्वेल्स यांच्या १९९० च्या आराखड्यातल्या तीन मूव्ह तुला पाठ आहेत: क्षेत्र मांडणं, त्यातली रिकामी जागा दाखवणं, ती भरणं. तरी तू ‘मात्र’ दिसलं की दुसरी मूव्ह लावतेस. ‘या खताने उत्पादन वाढते, मात्र वाढीचे प्रमाण जमिनीनुसार बदलते.’ यात उणीव कुठे दाखवली आहे? ही ज्ञात माहिती आहे, पहिलीच मूव्ह. उलट ‘आजवरची सर्व मोजमापे चिकण जमिनीतली आहेत’ यात ‘मात्र’ नाही, पण पुढचं वाक्य रेताड जमिनीकडे वळत असेल तर ती रिकामी जागाच आहे. मूव्ह कामावरून ठरते, शब्दावरून नाही. आणि काम कळायला पुढचं-मागचं वाक्य वाचावंच लागतं. ‘बरेच काम झाले असले, तरी…’ अशा वाक्यात तर दोन मूव्ह एकत्र येतात. एकक वाक्य की उपवाक्य, ते आधी ठरवून लिहून ठेव आणि मध्येच बदलू नकोस. तू उपवाक्यच घे, कारण हेज अशा वाक्याच्या नेमक्या कुठल्या अर्ध्यात आहे तेच आपल्याला हवंय. (पुन्हा तेच म्हणतोय, माहीत आहे.)

हेजांची यादी संगणकाकडून शोधून घेतलीस, ठीक. पण प्रत्येक सापडलेली जागा डोळ्यांनी वाच. ‘या उपकरणाने आम्लता मोजता येऊ शकते’ इथे ‘शकते’ म्हणजे क्षमता, हेज नाही. ‘आम्लता हे कारण असू शकते’ इथे शक्यता; हेज आहे. तिसरा प्रकार जास्त फसवा: ‘आधीच्या संशोधकांच्या मते आम्लता हे कारण असावे.’ ‘असावे’ हा सावधपणा त्या संशोधकांचा असू शकतो, तुझ्या लेखकाचा असेलच असं नाही. त्याला वेगळी खूण कर. नवोदितांच्या पहिल्या मूव्हमध्ये हे उसने हेज गोळा होतात आणि आकडा फुगतो.

दर हजारी दराबरोबर मूळ संख्याही छाप. तिसरी मूव्ह ९० शब्दांची असेल, तर एका हेजने दर ११ ने हलतो. एवढ्यावर निष्कर्ष उभा करशील तर परीक्षक तो एका प्रश्नात पाडतील, आणि बरोबरच करतील.

आता दुसऱ्या कोडरला पाचवा हिस्सा प्रस्तावना दे, तुझ्या खुणा न दाखवता. कापा, म्हणजे तुमच्या दोघांच्या खुणा किती जुळतात त्याचं माप, काढ, पण आकड्यावर थांबू नकोस. मतभेद कुठे झाले ते बघ. बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या मूव्हच्या सीमेवर होतील. त्या सीमेवरचा एक हेज इकडचा तिकडे गेला तरी तुझा निकाल बदलतो, म्हणून त्या जागांचा नियम एकेका उदाहरणासह लिही आणि सगळ्या प्रस्तावना त्या नियमाने पुन्हा बघ. हो, सगळ्या. कंटाळवाणं आहे, आणि मी अडून बसतो म्हणून तुझी मंडळी कुरकुरतील. कुरकुरू देत.

पहिल्या पाच प्रस्तावना नव्या खुणांसह पाठव. तक्ता नको, खुणा केलेला मजकूरच पाठव.

तुझा,
मार्गदर्शक