डायग्नोस्टिक सेंटरला अर्ज करताना टेस्ट, मशीन आणि शिफ्टबद्दल काय लिहायचं?

प्रश्न: दीड वर्ष एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आता डायग्नोस्टिक सेंटरला अर्ज करायचाय. कुठल्या टेस्ट करतो, कुठली मशीन येतात, कुठल्या शिफ्टला येऊ शकतो हे नेमकं कसं लिहू?

उत्तर:

टेस्टची नावं ओळीने मांडू नका, आधी त्यांचे तीन भाग पाडा. एक, ज्या तुम्ही सॅम्पल हातात आल्यापासून रिपोर्ट तपासायला पाठवेपर्यंत एकट्याने केल्यात. दोन, ज्या सीनियर शेजारी असताना केल्यात. तीन, ज्यात तुम्ही फक्त सॅम्पल लावून दिलं. गेली काही वर्षं आमच्याकडे नवीन टेक्निशियन घेताना अर्ज आधी माझ्याकडे येतात आणि जवळपास प्रत्येकात तीच ओळ असते, सीबीसी, एलएफटी, केएफटी, लिपिड, थायरॉइड, युरीन, पीटी, सगळं येतं. मला त्यातून काहीच कळत नाही, कारण मी शोधत असते एकच गोष्ट, या माणसाला रात्री एकटं मशीनवर सोडलं तर चुकीचा रिपोर्ट बाहेर जाईल का.

सीबीसीचंच घ्या. ट्यूब हलवून मशीनला लावणं दोन दिवसात कुणालाही जमतं. पण समजा रात्री एक सॅम्पल आलं आणि प्लेटलेट आले 42,000, स्क्रीनवर `PLT Clumps?` असा फ्लॅग, आणि त्याच पेशंटचा महिन्याभरापूर्वीचा आकडा 2,10,000. आता काय करणार? पहिलं म्हणजे ट्यूबमध्ये गुठळी आहे का ते काडी फिरवून बघायचं, असली तर ते सॅम्पल बाद आणि नवीन मागवायचं. गुठळी नसेल तर स्मिअर करायचा, स्टेन करायचा आणि स्लाइडच्या शेपटीकडे आवर्जून बघायचं, कारण प्लेटलेटचे पुंजके तिकडेच जास्त सापडतात. पुंजके दिसले तर ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटल्याची शक्यता मोठी, म्हणजे पेशंटचे प्लेटलेट खरंच कमी असतील असं नाही, मशीनला ते वेगवेगळे मोजता आले नाहीत. मोठे पुंजके कधी कधी पांढऱ्या पेशींमध्येही मोजले जातात म्हणून डब्ल्यूबीसीकडेही शंकेने बघायचं.

मग पेशंटचं रक्त परत घ्यायचं, निळ्या झाकणाच्या सोडियम सायट्रेट ट्यूबमध्ये, आणि वेळ न घालवता लावायचं. समजा आता 1,92,000 आले तर त्याला 1.1 ने गुणायचं, 2,11,200. गुणायचं कारण, त्या ट्यूबमध्ये 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेटचं पाणी आधीच असतं, तेवढं रक्त पातळ होतं. आणि म्हणूनच ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी, अर्धवट भरली तर हे 1.1 चुकीचं ठरतं. सायट्रेटमध्येही काहींचे प्लेटलेट चिकटतात, त्यामुळे या सॅम्पलचाही स्मिअर बघायचा आणि पुंजके असतील तर आकडा न देता पॅथॉलॉजिस्टना फोन करायचा.

हे तुम्ही खरंच केलं असेल तर अर्जात दोन ओळीत लिहा. माझ्यासमोर असा मजकूर आला तर मी त्याच दिवशी फोन करेन:

"सीबीसी स्वतंत्रपणे करतो, दिवसाला साधारण 60 सॅम्पल. प्लेटलेट कमी आले की स्मिअर बघून खात्री करतो, पुंजके दिसल्यास सायट्रेट सॅम्पल मागवतो. पीटी-आयएनआर सीनियरच्या देखरेखीखाली. हार्मोन टेस्टमध्ये फक्त सॅम्पल लोड केली आहेत."

शेवटचं वाक्य वाचून तुम्हाला वाटेल की आपण स्वतःला कमी दाखवतोय, पण माझा विश्वास त्याच वाक्यामुळे बसतो. सुरुवातीला मी स्वतः एका अर्जात पीटी "येतं" म्हणून लिहिलं होतं आणि मुलाखतीत त्यांनी एक कमी भरलेली निळी ट्यूब समोर ठेवून विचारलं, हे लावाल का? मी हो म्हटलं. रक्त कमी म्हणजे सायट्रेट प्रमाणाबाहेर जास्त, वेळ खोटा लांबतो आणि त्या आकड्यावर कुणाचा रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस बदलू शकतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तिथे निवड झाली नाही आणि ते योग्यच होतं.

मशीनचं लिहिताना कंपनी आणि मॉडेल दोन्ही लिहा, नुसतं "ऑटो ॲनालायझर" नको. सीबीसीचं मशीन थ्री पार्ट की फाइव्ह पार्ट हे नक्की लिहा, कारण थ्री पार्टवर पांढऱ्या पेशींचे तीनच गट मिळतात, इओसिनोफिल वेगळे येत नाहीत, त्यामुळे तिथे काम केलेल्या माणसाने हाताने डिफरन्शियल काउंट बऱ्यापैकी केलेला असतो आणि ती तुमची जमेची बाजू आहे, बरेच जण ती लिहीतच नाहीत. मॉडेलपुढे तुम्ही काय काय करायचात तेही सांगा, म्हणजे सकाळचं स्टार्टअप, रीएजंट बदलणं, कंट्रोल लावणं, कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशन कंपनीचा इंजिनियर येऊन करत असेल तर तसंच लिहा.

कंट्रोलवर प्रश्न हमखास येतो म्हणून तयार रहा. एक कंट्रोल 2 एसडीच्या बाहेर गेला तर तो इशारा, 3 एसडीच्या बाहेर किंवा सलग दोनदा एकाच बाजूला 2 एसडीच्या बाहेर गेला तर त्या टेस्टचे पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे आणि कारण शोधायचं, बाटली नीट मिसळली होती का, उघडून किती दिवस झाले, फ्रिजमधून काढून लगेच लावली का. "आत येईपर्यंत परत परत लावतो" असं उत्तर देणाऱ्याला मी घेत नाही.

शिफ्टबद्दल "कुठल्याही शिफ्टला तयार" असं सगळे लिहितात आणि दुसऱ्या महिन्यात रात्रपाळी जमत नाही म्हणतात, ड्युटी लावणाऱ्याची मग फार ओढाताण होते. जे खरंच जमणार तेच लिहा, उदाहरणार्थ "सकाळी 7 ते 3 किंवा दुपारी 2 ते 10 कधीही, रात्रपाळी महिन्यात 8 पर्यंत, एक आड एक रविवार." रात्रीपुढे एकट्याने कुठल्या टेस्ट सांभाळाल तेही लिहा, सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट असं, कारण रात्री शेजारी विचारायला कुणी नसतं. कलेक्शन करत असाल तर लहान मुलांचं रक्त काढता का हे वेगळं सांगा, सकाळच्या गर्दीत तसा माणूस फार शोधावा लागतो.

आणि एक, कामाचा पुरावा म्हणून रिपोर्टचे किंवा स्क्रीनचे फोटो अर्जाला जोडू नका. मागे एका अर्जात पेशंटचं नाव, वय, निदान सगळं स्पष्ट दिसत होतं, बाकी अर्ज चांगला असूनही मी तो तिथेच बाजूला ठेवला.