लांब रजेआधीचा हँडओव्हर ईमेल: कुणाला काय लिहायचं?

प्रश्न: मी सहा आठवड्यांच्या रजेवर जातोय. तातडीचं काम एक सहकारी बघणार आहेत. त्यांची ओळख करून देणारा आणि राहिलेल्या कामांची यादी देणारा ईमेल कसा लिहू?

उत्तर:

एकाच ईमेलमध्ये सगळं बसवायला जाऊ नका, दोन लिहा. पहिला ऑफिसमधल्यांसाठी, त्यात पूर्ण यादी. दुसरा बाहेरच्या लोकांसाठी, म्हणजे ग्राहक, पुरवठादार वगैरे. त्यात फक्त तारखा, सहकाऱ्याचं नाव, त्यांचा ईमेल आणि कोणत्या कामासाठी त्यांना गाठायचं एवढंच, चार-पाच ओळींत. कोणत्या विभागात सही अडकली आहे, कोणत्या बिलावर वाद आहे, हे बाहेर जायला नको. आणि ईमेल एकदा फॉरवर्ड झाला की तो कुठे पोचेल यावर आपला ताबा राहत नाही.

बहुतेक जण ओळख करून देताना “माझ्या अनुपस्थितीत अमुक यांच्याशी संपर्क साधावा” एवढंच लिहितात. त्यामुळे बारीकसारीक कामंही त्यांच्याकडे जातात, आणि खरोखर तातडीचं काही आलं की निर्णय घ्यायचा अधिकार आपल्याला आहे का, हेच त्यांना कळत नाही. म्हणून तीन गोष्टी उघड लिहा: त्यांच्याकडे काय जाईल, त्यातलं काय त्या स्वतः ठरवू शकतात, आणि त्यापलीकडचं कुणाकडे न्यायचं. तातडीचं कोणतं हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: मी परत येईपर्यंत हे थांबलं तर मुदत हुकेल, पैसे अडकतील किंवा दुसऱ्याचं काम बंद पडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम तुमच्यासाठी थांबू शकतं, आणि तसं ईमेलमध्ये लिहायला संकोच करू नका. मात्र अधिकार देणं तुमच्या हातात नसतं, ते वरिष्ठांच्या हातात असतं. त्यामुळे मसुदा आधी सहकाऱ्याला आणि वरिष्ठांना दाखवा, मगच सगळ्यांना पाठवा.

आता यादी. “देखभाल करार: काम चालू आहे” ही ओळ काहीच सांगत नाही. वाचणाऱ्याला कळायला हवं की काम आत्ता कुठे थांबलं आहे, कुणामुळे थांबलं आहे, पुढचं पाऊल कुणी कधी उचलायचं आणि ते झालं नाही तर काय करायचं. हा शेवटचा भाग सर्रास राहून जातो, आणि सहकाऱ्याला रजेत फोन करावा लागतो तो बहुतेकदा त्यासाठीच. खरेदी विभागातल्या कुणाचा ईमेल साधारण असा होईल (नाव नमुन्यापुरतं):

> विषय: रजा ४ मे ते १४ जून, तातडीच्या कामांसाठी मेघना, प्रलंबित कामांची यादी
>
> नमस्कार,
>
> मी ४ मे ते १४ जून रजेवर आहे, १५ जूनला रुजू होईन. या काळात पुरवठादारांची तातडीची कामं मेघना पाहतील. पुरवठादारांची बिलं त्याच तपासतात, त्यामुळे खाली दिलेली प्रकरणं त्यांना माहीत आहेत.
>
> पुरवठा थांबला, कराराची मुदत संपत आली किंवा बिलाची तक्रार आली, तर मेघना यांना कळवा. ठरलेल्या दराची खरेदी त्या मंजूर करतील. दर बदलत असेल तर विषय विभागप्रमुखांकडे जाईल. नवे प्रस्ताव मी १५ जूननंतर पाहीन.
>
> १. यंत्रांचा देखभाल करार, मुदत ३१ मे. कायदा विभागाने मसुदा मान्य केला आहे, वित्त विभागाची सही बाकी आहे. मेघना ११ मे रोजी चौकशी करतील. १८ मेपर्यंत सही आली नाही तर विभागप्रमुखांना सांगून जुना करार एक महिना वाढवून घ्यायचा. पुरवठादाराचं तसं संमतीपत्र ‘करार’ फोल्डरमध्ये आहे.
>
> २. वादातलं बिल. माल ३६ नग आला, बिल ४० नगांचं आहे. पुरवठादाराकडून ४ नगांची क्रेडिट नोट येणं बाकी. ती येईपर्यंत बिल मंजूर करायचं नाही. फोन आला तरी हेच उत्तर द्यावं.
>
> ३. नव्या पुरवठादाराची नोंदणी. त्यांच्या बँकेची कागदपत्रं यायची आहेत. आली तर ‘नोंदणी’ फोल्डरमध्ये ठेवावीत, पुढचं मी परतल्यावर करीन.

पहिल्या कामात १८ मे ही तारीख मुद्दाम धरली आहे. मुदत ३१ मेची असली तरी मुदतवाढीच्या कागदावरही सह्या लागतात, त्यांना वेळ हवा. मुदतीची तारीख लिहून भागत नाही, दुसरा मार्ग धरायची तारीखही लिहावी लागते. दुसऱ्या कामात ‘काय करायचं नाही’ हे सांगितलं आहे. तुम्ही नाही हे कळल्यावर जुना आग्रह नव्या माणसाकडे धरला जातो आणि पार्श्वभूमी माहीत नसेल तर बिल सुटून जातं. तिसरं काम तसंच ठेवायचं आहे, तरी ते यादीत हवं, नाहीतर कागद आल्यावर पुढे काय करायचं याच्या विचारात सहकाऱ्याचा वेळ जातो.

पैशांशी संबंध असेल तर आणखी एक ओळ घाला: पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर तो तसाच मान्य करू नये, आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. ओळखीचा माणूस जागेवर नसतानाच्या काळाचा फसवणूक करणारे फायदा घेतात.

ईमेल उत्तम लिहिला तरी काम अडतं ते बहुधा परवानग्यांमुळे. एखाद्या पोर्टलचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल तर सहकाऱ्याला आत शिरताच येणार नाही, त्यांचं स्वतंत्र लॉगिन आधीच करून घ्या. पासवर्ड ईमेलमध्ये कधीही लिहू नका. मंजुरीची प्रणाली असेल तर त्यात तुमच्या जागी त्यांचं नाव रजेच्या तारखांसह लावा, नाहीतर बिलं तुमच्याच रांगेत पडून राहतील. दर आठवड्याच्या बैठकीचे आयोजक तुम्ही असाल तर वेळ बदलणं सहकाऱ्याला बहुधा जमत नाही, म्हणून त्या काळापुरतं आमंत्रण त्यांच्या खात्यावरून नव्याने पाठवायला सांगा. आणि महत्त्वाचा पत्रव्यवहार तुमच्या इनबॉक्समध्ये न ठेवता सामायिक फोल्डरमध्ये आणा.

हे नुसतं विचारून कळत नाही. तुम्ही शेजारी बसा आणि सहकाऱ्याला यादीतलं पहिलं काम स्वतःच्या संगणकावरून उघडायला सांगा. काय उघडत नाही ते पाच मिनिटांत दिसतं.

ईमेल रजेच्या साधारण आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे शंका तुम्ही असतानाच येतील. शेवटच्या दिवशी त्याच ईमेलला उत्तर म्हणून बदललेलं तेवढंच कळवा, नवी यादी बनवू नका. दोन याद्या फिरू लागल्या की कोणती खरी यावर गोंधळ होतो. आपोआप जाणाऱ्या उत्तरात परतण्याची तारीख आणि मेघना यांचा ईमेल द्या, आणि तुम्ही मध्ये ईमेल पाहणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. “अधूनमधून पाहीन” असं लिहिलं की लोक तुमच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि मेघनांना कळवतच नाहीत.