वाचकाला कटात ओढणारा नायक

प्रश्न : "माझ्या कादंबरीचा नायक एकट्या वृद्धांचा विश्वास संपादन करून, बनावट सह्यांनी त्यांची घरे लाटतो. तो देखणा, हजरजबाबी आहे, पण कच्चा खर्डा वाचणारे म्हणतात की तो निव्वळ लबाड वाटतो. वाचक त्याच्या बाजूने कसा उभा राहील?"

देखणेपणा आणि हजरजबाबीपणा यांवर पात्रे भाळतात, वाचक भाळतोच असे नाही, कारण वाचकाला त्यातून काही मिळत नाही. वाचकाला भुरळ पडते ती नायकाच्या नजरेची. इतरांच्या लक्षातही न येणारी गोष्ट याला दिसते, आणि त्याच्यासोबत ती आपल्यालाही दिसते. समजा, ज्या आजोबांचे घर त्याला हवे आहे, त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. सख्खा पुतण्या येतो तो उजवीकडे बसून ओरडत राहतो. नायक मात्र पहिल्याच भेटीत काही न बोलता खुर्ची उचलून डावीकडे ठेवतो आणि हळू आवाजात बोलू लागतो. आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. त्याच्या मोहकपणाविषयी याउपर एकही विशेषण लिहू नका.

आता हाच गुण गुन्ह्याच्या कामी आला पाहिजे. पुढे कागदपत्रांच्या वेळी तो दलालाशी घराच्या किमतीविषयी बोलतो, तेव्हा आजोबांच्या उजवीकडे उभा राहून बोलतो. दोन्ही वेळी त्याला तेच दिसले होते, आणि वाचकालाही. चांगुलपणाचा प्रसंग एक आणि दुष्टपणाचा दुसरा असे वेगवेगळे गुण वाटून दिलेत, तर वाचक चांगला भाग स्वतःकडे ठेवतो आणि वाईटाची जबाबदारी सहज झटकतो.

बनावट सहीचेही तसेच करावे. पहिली खोटी सही आजोबांच्या फायद्याची असू द्या : हात थरथरल्यामुळे त्यांची सही जुळत नाही, म्हणून कार्यालयाने त्यांचेच पैसे अडवले आहेत, आणि नायक ती सही हुबेहूब करून पैसे सोडवून आणतो. वाचक मनातल्या मनात टाळी देतो. घर लाटताना तो अगदी तेच कसब वापरतो, तेव्हा हरकत घ्यायला वाचकाजवळ फारशी जागा उरत नाही.

मात्र या सगळ्यात एक पथ्य पाळावे लागते, आणि बहुतेक खर्डे तिथेच घसरतात. नायकाचा बेत वाचकापासून लपवू नये. शेवटी 'तो पहिल्यापासून घरासाठीच आला होता' असा धक्का दिलात, तर वाचक आजोबांसारखाच फसवला जातो, आणि फसवलेला माणूस साथीदार नसतो. घरावर त्याचा डोळा आहे हे खुर्ची हलवण्याच्या आधीच सांगून टाका. सगळे ठाऊक असूनही वाचकाला तो आवडला, तरच वाचक त्याच्या निवडीत सामील झाला.

मग संकटाचा प्रसंग आणा. नायक मेजाशी बसून घराच्या कागदावर सही करतो आहे, शाई ओली आहे, आणि पुतण्या दार वाजवतो. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटात नॉर्मन खून झालेल्या बाईची गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते, आणि आता ती बुडावी असे प्रेक्षकालाही वाटून जाते. तुमच्या प्रसंगात शाई वाळेपर्यंतचा वेळ हेच काम करील. म्हणून तो घाईने उरकू नका. कागद उचलावा की त्यावर वर्तमानपत्र टाकावे, हा त्याचा हिशेब पूर्ण लिहा. 'टाक, पण शाई पुसू देऊ नकोस' असे वाचकाच्या मनात आले की तो कटात आला.

नायकाला दुःखद बालपण देण्याचा मोह आवरा, आणि आजोबांना खाष्ट करण्याचा त्याहून अधिक. दोन्हींमुळे वाचकाला आयती सबब मिळते. पुतण्या उर्मट असला तरी चालेल, कारण नुकसान त्याचे व्हायचे नाही.

हे साधले की नाही, ते तपासताना 'नायक आवडला का?' असे विचारू नका. उत्तर सौजन्याचे येते. दार वाजते त्या पानावर थांबवून 'आता काय व्हावे?' असे विचारा. 'पकडला जावा' असे उत्तर आले, तर सुरुवातीची प्रकरणे कमी पडली आहेत. 'सुटावा' असे आले आणि कादंबरी संपल्यावरही वाचणारा निवांतच असेल, तर आजोबा पुसट राहिले आहेत. अशा वेळी व्यवहार झाल्यानंतरचे एक पान त्यांना द्या : नायक भेटीला येतो, सवयीने डावीकडे बसतो, आणि आजोबा त्याला विश्वासाने सांगतात की पुढच्या महिन्यात गळके छप्पर दुरुस्त करून घ्यायचे आहे, चांगला कारागीर माहीत आहे का. नायकाने काय उत्तर दिले तेवढे लिहा. त्याला काय वाटले, ते लिहू नका.